उतारा वाचताना शिक्षकाने मोठ्याने विचार कसा करून दाखवावा: एका उताऱ्यावरचा पूर्ण पाठ

‘थिंक-अलाउड’ आता बऱ्याच शिक्षकांच्या पाठ-नियोजनात दिसतं. वर्गात मात्र त्या नावाखाली जे चालतं ते बहुतेक वेळा जुनंच असतं. शिक्षक एक वाक्य वाचतात आणि विचारतात, “काय सांगितलंय इथे?” पुढच्या बाकावरची ठरलेली चार मुलं उत्तर देतात, शिक्षक ते फळ्यावर लिहितात आणि पुढचं वाक्य घेतात. ही प्रश्नोत्तरं झाली. यात मुलांना उत्तर ऐकायला मिळतं, पण सरावलेला वाचक त्या उत्तरापर्यंत कसा पोचतो, वाटेत कुठे अडखळतो, काय धरतो आणि काय सोडतो, हे त्यांना दिसतच नाही.

आदर्श वाचन आपण सगळेच करतो. त्यातून मुलांना उच्चार, विराम आणि आवाजाचा चढउतार ऐकू येतो. थिंक-अलाउडमध्ये त्या वाचनामागे डोक्यात चाललेलं ऐकवायचं असतं. इथे मी सहावी-सातवीच्या वर्गासाठी एक उतारा घेऊन पूर्ण पाठ मांडतो आहे. उतारा माहितीपर आहे, कारण गोष्ट वाचताना मुलं निदान ‘पुढे काय होईल’ एवढं तरी आपोआप विचारतात. माहितीच्या उताऱ्यात तेही होत नाही.

## टप्पा १: गाठ असलेला उतारा निवडा

सगळं सरळ सांगून टाकणारा उतारा इथे निरुपयोगी ठरतो. ‘गाय पाळीव प्राणी आहे, ती दूध देते’ अशा उताऱ्यावर शिक्षकाने कितीही वेळ मोठ्याने विचार केला तरी तो खोटा वाटणार, कारण तिथे विचार करायला काही नसतंच. उताऱ्यात एखादी तरी गाठ हवी: दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत, किंवा लेखकाने एक पायरी न सांगता सोडली आहे, किंवा मध्येच असं वाक्य येतं की आधीचा अंदाज बदलावा लागतो.

लांबी शंभर ते दीडशे शब्द पुरे. मुलांना शब्द वाचता यायला हवेत, पण सगळा अर्थ एकट्याने लागू नये, इतपत अवघड असावा. मी घेतलेला उतारा हा. वाक्यांना क्रमांक मुद्दाम दिले आहेत, तुम्हीही द्या:

> (१) रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. (२) मराठवाड्यात तो सुमारे ७०० मिलिमीटर असतो. (३) तरीही एप्रिल-मे महिन्यांत कोकणातल्या अनेक वाड्यांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. (४) कोकणातला जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. (५) सह्याद्री आणि समुद्र यांच्यात साधारण ५० किलोमीटरचेच अंतर असल्याने इथल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. (६) डोंगरावरच्या सपाट सड्यांवर जांभा खडक आढळतो. (७) तो सच्छिद्र असल्यामुळे त्यात पाणी पटकन मुरते. (८) मात्र ते तिथे टिकत नाही. खालच्या चिकणमातीच्या थराला अडले की आडवे सरकते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. (९) पावसाळा संपल्यावर काही महिन्यांतच यांतले बरेच झरे आटतात.

यात तिन्ही प्रकारच्या गाठी आहेत. तिसरं वाक्य पहिल्या दोघांच्या विरोधात जातं. पाचवं वाक्य नद्या आखूड आहेत एवढंच सांगतं, त्याचा पाणीटंचाईशी काय संबंध ते सांगत नाही. आणि सातवं वाक्य वाचकाला चक्क चुकीच्या दिशेला नेतं. माझ्या मते सातवं वाक्य हा या पाठाचा प्राण आहे. का ते पुढे येईल.

तपासा: उतारा एकदा वाचून ‘हे असं का?’ असा निदान एक खरा प्रश्न तुम्हाला स्वतःला पडला का? नसेल पडला तर उतारा बदला.

## टप्पा २: आधी स्वतः पेन्सिल घेऊन वाचा

हा टप्पा सर्रास गाळला जातो आणि पाठ तिथेच फसतो. आपल्याला वाचन इतकं सवयीचं झालेलं असतं की डोळे कधी मागे गेले, कुठे क्षणभर अडलो, ते आपल्या लक्षातही येत नाही. वर्गात उभं राहून ऐनवेळी ‘विचार’ करायला गेलं की तोंडातून फक्त स्पष्टीकरण निघतं.

म्हणून आदल्या दिवशी उतारा मुद्दाम सावकाश वाचा. जिथे नजर मागच्या वाक्याकडे गेली तिथे खूण करा. जिथे ‘तो’, ‘ते’, ‘यांतले’ हे शब्द कशाबद्दल आहेत हे मनाशी जुळवावं लागलं तिथे खूण करा. जिथे तुमचा अंदाज चुकला तिथे मोठी खूण करा. भूगोल तुमचाच विषय असेल तर उतारा अशा कुणाला तरी वाचायला द्या ज्यांचा तो विषय नाही, आणि ते कुठे थांबतात ते बघा. विषय पक्का असलेल्या शिक्षकाला जांभ्याखाली चिकणमाती असते हे आधीच माहीत असतं, त्यामुळे त्याला सातव्या वाक्यावर अडखळायलाच होत नाही. मुलं नेमकी तिथेच अडखळतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडखळता पुढे जातात.

खुणा झाल्या की त्यांतल्या पाच-सहाच ठेवा, बाकीच्या खोडा. दर वाक्याला थांबलात तर उताऱ्याचा धागा तुटतो आणि शेवटी मुलांना ना उतारा आठवतो ना विचार. ठेवलेल्या प्रत्येक थांब्यावर काय बोलायचं ते दोन-तीन वाक्यांत चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी उताऱ्यावर त्या जागी चिकटवा. लिहून वाचलेला विचार कृत्रिम वाटेल अशी भीती अनेकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. चिठ्ठी असली की माणूस मोकळा बोलतो, कारण पुढे काय येणार याची धास्ती नसते.

सावधान: संदर्भावरून अर्थ लागणारच नाही असे शब्द थिंक-अलाउडमध्ये सोडवायला जाऊ नका. ‘जांभा’ पाहिलेलाच नसेल तर आधी दगडाचा तुकडा किंवा फोटो दाखवून टाका. घाटावरच्या मुलांना सडा म्हटलं की अंगणातला शेणसडा आठवतो, म्हणून डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या सपाट जागेला कोकणात सडा म्हणतात हेही सुरुवातीलाच सांगा. एका मिनिटाचं काम आहे. नाहीतर पाठ शब्दार्थातच संपतो.

## टप्पा ३: फळा आणि आवाज यांची मांडणी

फळ्याच्या डाव्या दोन-तृतीयांश भागात उतारा लिहा, किंवा प्रत्येक जोडीला छापील प्रत द्या आणि मोठी प्रत भिंतीवर लावा. मुलांच्या डोळ्यांसमोर मजकूर नसेल तर हे सगळं फुकट आहे. ती फक्त तुमचं भाषण ऐकतील. फळ्याचा उजवा भाग रिकामा ठेवा आणि वर लिहा: ‘माझ्या डोक्यात’. तिथे तुमचे प्रश्न आणि अंदाज त्रोटक शब्दांत येतील.

वाचन कुठलं आणि विचार कुठला हे मुलांना बघताक्षणी कळायला हवं. त्यासाठी एकच सोपी खूण ठरवा आणि शेवटपर्यंत पाळा. वाचताना नजर मजकुरावर आणि बोट ओळीखाली. विचार बोलताना बोट त्या शब्दावर ठेवूनच मान वर आणि आवाज साध्या बोलण्यातला. वाचनाच्याच सुरात विचार बोललात तर मागच्या बाकावरच्यांना तुमची वाक्यंही उताऱ्यातलीच वाटतात, आणि स्वाध्यायाच्या वहीत ती उतरतात सुद्धा.

मुलांना सुरुवातीला एवढंच सांगा: “आता मी वाचणार आहे आणि वाचताना माझ्या डोक्यात जे येतं ते मोठ्याने बोलणार आहे. तुम्ही उत्तर द्यायचं नाही. मी कुठे थांबलो आणि तिथे काय केलं, एवढं बघा. थांबलो त्या जागी तुमच्या प्रतीवर छोटी रेघ मारा.” रेघेचं काम दिलं नाही तर मुलं हात वर करून उत्तरं द्यायला लागतातच. ती त्यांची चूक नाही, आपणच त्यांना तसं शिकवलेलं असतं.

## टप्पा ४: प्रत्यक्ष पाठ, थांब्याथांब्याने

हा भाग दहा ते बारा मिनिटांत उरकला पाहिजे. खाली मी वर्गात बोलतो तसंच लिहिलं आहे. तुमची वाक्यं वेगळी असतील, असायलाच हवीत.

पहिला थांबा, वाक्य १ ते ३ वाचून. तीन वाक्यं सलग वाचा, मध्ये थांबू नका. मग:

“थांबा, ‘तरीही’ म्हणाले. म्हणजे काहीतरी उलटं घडलंय. मागे जाऊन बघतो. रत्नागिरीत तीन हजार, मराठवाड्यात सातशे. म्हणजे चौपटीहून जास्त पाऊस, आणि टँकर मात्र कोकणातही. हे जुळत नाही. पाणी जातं कुठे? हा माझा प्रश्न. पुढचं सगळं मी याचं उत्तर शोधत वाचणार.”

उजवीकडे लिहा: *इतका पाऊस, तरी टँकर. पाणी जातं कुठे?*

प्रश्न हवेतून आला नाही, दोन वाक्यांच्या टकरीतून आला, हे बोट फिरवून दाखवा. वाक्य २ वरून १ वर आणि परत ३ वर. आणि पुढचं वाचन या प्रश्नाला बांधलेलं राहणार हेही मोठ्याने म्हणा. अनेक पाठांत शिक्षक थांब्याथांब्यावर नवा प्रश्न काढतात आणि आधीचे वाऱ्यावर सोडतात. मुलांना वाटतं की प्रश्न पाडणं म्हणजे वाक्याच्या शेवटी ‘का’ लावणं.

दुसरा थांबा, वाक्य ४ नंतर.

“चार महिन्यांतच सगळा पाऊस. म्हणजे आठ महिने कोरडे. उत्तर मिळालं की! … पण नाही, जरा थांबतो. मराठवाड्यातही मुख्य पाऊस याच महिन्यांत पडतो. मग हे कारण दोन्हीकडे सारखंच झालं. कोकणातल्या तीन हजारांचं काय झालं ते यातून कळत नाही. हे उत्तर अर्धंच आहे. प्रश्न उघडाच ठेवतो.”

उजवीकडे: *चार महिन्यांत पाऊस – अर्धं उत्तर.*

सरावलेला वाचक आणि नवखा वाचक यांतला मोठा फरक इथे दिसतो. नवख्याला पहिलं कारण सापडलं की तो शोध थांबवतो. इथे बाहेरचं ज्ञान, म्हणजे मराठवाड्यातला पाऊस कधी पडतो ते, मजकुरावर लावून बघितलं आणि त्याने पहिलं उत्तर अपुरं ठरवलं. ‘पूर्वज्ञानाशी जोड’ म्हणतात ती अशी कामाला यायला हवी.

सावधान: याच थांब्यावर शिक्षकांना आपला गणपतीपुळ्याचा प्रवास आठवतो. “मी गेलो होतो तेव्हा इतका पाऊस होता ना…” मुलं खूश होतात, पण त्या आठवणीने वाक्याचा अर्थ तसूभरही बदलत नाही. जोडणी ठेवायची की टाकायची याची एकच कसोटी लावा: ती बोलल्यामुळे उताऱ्याबद्दलचा माझा समज पक्का झाला, बदलला किंवा डळमळला का? यातलं काहीच झालं नसेल तर ती जोडणी चहाच्या वेळी सांगा.

तिसरा थांबा, वाक्य ५ नंतर.

“नद्या आखूड आणि उतार तीव्र. बरं. पण लेखक हे आत्ता का सांगतोय? पाण्याबद्दल त्याने काहीच म्हटलं नाही. मीच जोडून बघतो. उतार तीव्र म्हणजे पाणी वेगाने वाहणार. नदी आखूड म्हणजे समुद्र जवळ. म्हणजे सह्याद्रीवर पडलेलं पाणी थोड्याच वेळात समुद्रात. हे इथे लिहिलेलं नाही, मी जोडलं. चूकही असू शकेल, म्हणून प्रश्नचिन्ह लावून ठेवतो.”

उजवीकडे: *वरचं पाणी भराभर समुद्रात?*

‘हे लिहिलेलं नाही, मी जोडलं’ हे वाक्य चुकवू नका. लेखकाने सांगितलेलं आणि वाचकाने काढलेलं यांतला फरक मुलांना असाच कळतो. ‘आता मी अनुमान करतो आहे’ असं मात्र म्हणू नका. नाव ऐकलं की मुलं नाव पाठ करतात आणि कृती निसटते. नाव द्यायचंच तर पाठ संपल्यावर द्या.

चौथा थांबा, वाक्य ७ नंतर. वाक्य ६ आणि ७ सलग वाचा. इथे घाई करू नका.

“‘तो सच्छिद्र’. तो म्हणजे कोण? दुसऱ्या वाक्यात ‘तो’ म्हणजे पाऊस होता. इथे पाऊस सच्छिद्र असू शकत नाही, म्हणजे जांभा. त्यात पाणी पटकन मुरतं. पाणी मुरलं की विहिरींना पाणी, असं आपण नेहमी ऐकतो. म्हणजे जांभ्यामुळे पाणी साठायला मदतच होत असणार. पण मग टँकर कशाला? माझा अंदाज आणि तिसरं वाक्य पुन्हा भांडायला लागले. काहीतरी निसटतंय. अंदाज लिहितो, पण पुढे वाचेपर्यंत त्यावर विश्वास ठेवत नाही.”

उजवीकडे: *जांभ्यात पाणी मुरतं → साठतं?*

पाचवा थांबा, वाक्य ८ नंतर. ‘मात्र’ या शब्दावर बोट ठेवून क्षणभर थांबा, मग वाक्य पूर्ण वाचा.

“‘मात्र’. म्हणजे माझा अंदाज मोडणार. ‘ते तिथे टिकत नाही’. ते म्हणजे मुरलेलं पाणी, तिथे म्हणजे जांभ्यात. खाली चिकणमाती, तिच्यातून पाणी सहज खाली जात नाही, म्हणून ते आडवं सरकतं आणि उतारावर झरा होऊन बाहेर येतं. म्हणजे मुरलं खरं, साठलं नाही. मुरणं आणि साठणं मी एकच धरलं होतं, तिथे माझी गल्लत झाली. आता पाचवं वाक्य वेगळं दिसायला लागलं. एक पाणी नदीतून वरच्यावर गेलं, दुसरं खडकातून फिरून उतारावर बाहेर आलं. वाटा दोन, पण दोन्हीकडे पाणी उताराने निघूनच गेलं.”

आता उजवीकडचा ‘साठतं?’ हा शब्द खोडा, पण पुसू नका. त्याच्यावर रेघ मारा, शेजारी लिहा *मुरतं, पण टिकत नाही*, आणि तिथून तिसऱ्या थांब्याच्या नोंदीकडे बाण काढा. हे मी आग्रहाने सांगतो, कारण स्वच्छ फळ्याची सवय असलेले शिक्षक डस्टर घेऊन चुकीचा अंदाज पुसून टाकतात. मग फळ्यावर फक्त बरोबर उत्तरं उरतात आणि मुलांचा समज पक्का होतो की हुशार माणूस पहिल्या फटक्यात बरोबर वाचतो. रेघ मारलेला अंदाज हाच या पाठातला सगळ्यांत कामाचा मजकूर आहे.

सहावा थांबा, शेवटचं वाक्य वाचून.

“झरेही आटतात. म्हणजे ज्या वाड्या झऱ्यांवर अवलंबून असतील त्यांचं पाणी उन्हाळ्यात संपणार. ‘असतील’ म्हणतो, कारण लेखकाने तसं सांगितलेलं नाही. पहिल्या प्रश्नाकडे जातो: पाणी जातं कुठे? आता सांगता येतं. थोडं वरून वाहून जातं, थोडं मुरून झऱ्यांतून निघून जातं, आणि दोन्ही पावसानंतर फार टिकत नाही. पण ‘बरेच झरे’ म्हटलंय, ‘सगळे’ नाही. मग काही झरे का टिकतात? याचं उत्तर उताऱ्यात नाही. हा प्रश्न घेऊन मी दुसरीकडे शोधायला जाणार.”

शेवटी एक प्रश्न उघडा राहू द्या. उतारा संपला म्हणजे सगळे प्रश्न संपले, हा समज स्वाध्यायांनी घातलेला आहे. तो इथे मोडायची आयती संधी आहे.

## मध्येच एक तपासणी: काय बिघडलं ते कसं ओळखायचं

पाठ चालू असतानाच तो भरकटतो आहे हे ओळखण्याच्या दोन-तीन जागा आहेत.

तुमच्या वाक्यांत ‘मी’ किती वेळा येतो आणि ‘तुम्ही’, ‘बघा’, ‘मुलांनो’ किती वेळा, याकडे कान द्या. ‘मुलांनो, जांभा सच्छिद्र असतो म्हणजे काय, तर त्याला छिद्रं असतात’ हे वाक्य तोंडातून आलं की समजा, तुम्ही शिकवायला लागलात. स्पष्टीकरण वाईट नाही, पण त्याची जागा पाठानंतर. एखाद्या सहकाऱ्याला मागे बसवून हे दोन्ही शब्द मोजायला सांगा. आकडे बघून आपलाच आपल्याला धक्का बसतो.

दुसरी खूण म्हणजे तुमच्या शंका. त्या खऱ्या वाटतात का? “अरे, हे काय बरं असेल?” असं नाटकी आश्चर्य सहावीतली मुलं लगेच पकडतात. तुम्हाला उत्तर माहीत आहे हे त्यांनाही माहीत असतं. म्हणून अडाण्याचा आव न आणता ‘पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी इथे असं धरलं होतं’ असं सरळ सांगितलं तरी चालतं. टप्पा २ मध्ये पेन्सिलीने केलेल्या खुणा इथे कामाला येतात, कारण त्या खऱ्या असतात.

तिसरी खूण मुलांच्या प्रतींवर दिसते. फिरता फिरता त्यांच्या रेघा बघा. तुम्ही सहा ठिकाणी थांबलात आणि मुलांच्या रेघा दहा ठिकाणी किंवा दोनच ठिकाणी असतील, तर वाचन आणि विचार यांतली सीमा त्यांना कळलेली नाही. आवाज आणि नजर यांची खूण जास्त ठळक करा.

## टप्पा ५: काय पाहिलं ते मुलांकडून वदवून घ्या

पाठ संपल्याबरोबर उताऱ्यावर प्रश्न विचारू नका. वाचकाबद्दल विचारा: “मी ‘तरीही’पाशी थांबलो तेव्हा काय केलं?” “मागे गेलात.” “कशासाठी?” “आकडे परत बघायला.” “फळ्यावर एक अंदाज खोडलाय. तो कशामुळे खोडावा लागला?” पाच-सात मिनिटं पुरेत.

मुलं जे सांगतील त्यांच्याच शब्दांत एका कागदावर उतरवा: *उलटं काही आलं की मागे जातो. पहिलं उत्तर पुरतं का बघतो. न लिहिलेलं जोडलं तर प्रश्नचिन्ह लावतो. अंदाज मोडला की खोडतो.* हा कागद भिंतीवर राहू द्या. बाजारात मिळणारे ‘वाचनाच्या सात युक्त्या’ छापाचे तक्ते लावण्यात अर्थ नाही. त्यांतली वाक्यं मुलांनी घडताना पाहिलेली नसतात.

## टप्पा ६: हळूहळू मुलांच्या हाती सोपवा

इथे दोन उलट चुका होतात. काही शिक्षक महिनाभर स्वतःच करून दाखवत राहतात, आणि काही पहिल्याच दिवशी ‘आता तुम्ही करा’ म्हणून मोकळे होतात. मधली पायरी लागते.

दुसऱ्या उताऱ्याला पहिले दोन थांबे तुम्ही घ्या. तिसऱ्या थांब्यावर फक्त थांबा, त्या शब्दावर बोट ठेवा आणि मुलांना शेजाऱ्याशी बोलू द्या. म्हणजे कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवलं, काय विचार करायचा हे त्यांनी. तिसऱ्या उताऱ्याला थांबायची जागाही त्यांनीच निवडायची. ती निवड खरं तर जास्त अवघड आहे, म्हणून ती उशिरा द्यायची.

त्यानंतर जोड्या. एक मूल वाचतं आणि मोठ्याने विचार करतं, दुसरं प्रतीवर खुणा करतं: प्रश्न आला तर ?, मागच्या वाक्याशी जोडलं तर ←, अंदाज बदलला तर ×. मग अदलाबदल. ऐकणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. पट मोठा असेल तर गोंगाट होणार हे गृहीत धरा. पाच मिनिटांहून जास्त चालू देऊ नका.

सुरुवातीला मुलांचे प्रश्न हमखास असे येतात: “रत्नागिरी कुठे आहे?”, “मिलिमीटर म्हणजे काय?” हसण्यावारी नेऊ नका आणि खोटी शाबासकीही देऊ नका. एवढंच विचारा: “हा प्रश्न तुला कुठल्या दोन वाक्यांमुळे पडला?” उत्तर देता आलं तर प्रश्न उताऱ्याचा आहे. नाही आलं तर मूल स्वतःच म्हणतं, “नाही सर, असाच विचारला.” खुणांचे कागद गोळा करून बघा. ? भरपूर आणि ← जवळपास नाहीत असं पहिल्या आठवड्यांत दिसतंच. × तर कुठेच नसतो, कारण चुकलो हे कबूल करायला मुलं तयार नसतात. तसं दिसलं तर पुढच्या वेळी पुन्हा सातव्या वाक्यासारखं फसवं वाक्य असलेला उतारा घेऊन स्वतः करून दाखवा.

## हे कुठे चालत नाही

ज्या मुलांना अजून जोडाक्षरं अडतात, शब्द फोडून वाचावे लागतात, त्यांच्यासाठी हा पाठ आत्ता नाही. त्यांचं सगळं लक्ष अक्षरांत गुंतलेलं असतं. त्यांनी ऐकायला बसायला हरकत नाही, पण जोडीच्या कामात वाचन दुसऱ्याकडे आणि विचार त्यांच्याकडे द्या.

कवितेला हीच चौकट जशीच्या तशी लावू नका. तिथे ‘पाणी जातं कुठे’ सारखा एकच प्रश्न धरून शेवटपर्यंत जाता येत नाही, आणि गाठ सोडवायचा हट्ट धरला की कविता हातात राहत नाही.

रोजही करू नका. एका घटकात एक-दोनदा पुरे, तेही गाठ असलेल्या उताऱ्यावरच. जमलं की नाही हे बघायचं असेल तर दोन-तीन आठवड्यांनी एक अनोळखी उतारा द्या, तोंडी काही न सांगता, आणि फक्त दोन गोष्टी लिहायला सांगा: वाचताना कुठे मागे जावं लागलं, आणि कुठला अंदाज बदलला. उत्तरात वाक्याचा क्रमांक आणि कारण दोन्ही आलं तर मूल ते स्वतः करतं आहे. नुसतंच ‘मला उतारा आवडला, खूप माहिती मिळाली’ असं आलं, तर टप्पा ६ मधल्या दुसऱ्या उताऱ्यापासून पुन्हा सुरू करा.